घरी कलर लावला: मुळं केशरी, कानशिलं पिवळी, लांबी तशीच काळी. ३० व्हॉल्यूमचं काय चुकलं?

मीनल_रामबाग
नमस्कार मंडळी, इंदूरहून लिहितेय. माझ्या मोठ्या ताईच्या केसांबद्दल विचारायचंय, प्लीज कोणाला नीट माहिती असेल तर सांगा. ताई ५२ वर्षांची, केस खांद्याच्या खाली, कानशिलं आणि भांगाजवळचे जवळजवळ सगळे पांढरे, मागे मात्र अजून बरेच काळे आहेत. इतकी वर्षं ती पाकिटातला डार्क ब्राऊन लावायची. आता भाच्याचं लग्न आहे उज्जैनला, तर तिला म्हटलं जरा लाइट करू, म्हणून ट्यूब आणली ५.३ नंबरची आणि दुकानदार म्हणाला पांढरे जास्त आहेत तर ३० व्हॉल्यूमचं डेव्हलपर घ्या, २० ने पकडणार नाही. आम्ही तेच घेतलं. ट्यूबवर एकास दीड लिहिलं होतं पण मिश्रण कमी पडेल असं वाटलं म्हणून चमच्यानं अंदाजे दुप्पट डेव्हलपर घातलं. भांगापासून सुरुवात केली, मुळापासून टोकापर्यंत एकदमच लावत गेले, मागे पोचायला बराच वेळ लागला. मग तिला टाळूला जळजळ व्हायला लागली म्हणून २५ मिनिटांत धुवून टाकलं.

आता झालंय असं की भांगाजवळ आणि वर जिथे काळे केस होते तिथे मुळं चक्क केशरी दिसतायत, कानशिलांवरचे पांढरे फिकट पिवळसर झालेत म्हणजे धड झाकलेही नाहीत, आणि लांबीला काहीच फरक नाही, आधीसारखीच काळपट आणि टोकं कोरडी. लग्नाला तीन आठवडे आहेत. ह्यावर लगेच डार्क ब्राऊन पाकीट लावून टाकू का? ताई रोज आरशासमोर उभी राहून रडकुंडीला येते, मला बघवत नाही.

प्रशांत_विजयनगर
मीनलताई, हे सगळं केमिस्ट्रीचं काम आहे. डेव्हलपर म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइड, १० व्हॉल्यूम म्हणजे ३ टक्के, २० म्हणजे ६, ३० म्हणजे ९ आणि ४० म्हणजे १२ टक्के. दुकानदार तसा बरोबरच बोलला, हट्टी पांढऱ्या केसांना जोर जास्त लागतो. तुमचं चुकलं ते वेळेत, पूर्ण ४५ मिनिटं ठेवलं असतं तर झाकलं गेलं असतं. आणि दुप्पट डेव्हलपर घातल्यानं जोरही दुप्पट झाला असणार, म्हणून जळजळ. पुढच्या वेळी ३०च पण एकास एक करा.

स्वाती_दांडियाबाजार
अगं मी बडोद्याहून. मला तर हे केमिकल वाचूनच भीती वाटते, मी कायम मेंदी लावते. मेंदीवर कलर लावला तर चालतो का हो कोणी सांगेल का? माझी मैत्रीण म्हणाली केस जळतात. माझी मेंदी "काळी मेंदी" म्हणून मिळते ती आहे, पॅकेटवर हर्बल लिहिलंय, एका तासात काळेभोर होतात केस.

वर्षा_पलासिया
मीनल, आधी श्वास घे, हे दुरुस्त होतं. मी बरीच वर्षं पार्लर चालवलं, हा प्रकार दर महिन्यात कोणीतरी डोक्यावर घेऊन यायचं. पाकीट मात्र आत्ता लावू नकोस. पहिलं हे सांग की टाळूवर फोड, सूज, पाणी येणं असं काही आहे का? की नुसती जळजळ होती आणि धुतल्यावर थांबली? डोळ्यांभोवती सूज आली होती का? तसं काही असेल तर कलरचा विषय बंद, आधी त्वचेच्या डॉक्टरांकडे जा, कारण मग तो जोर जास्त झाल्याचा प्रश्न नाही, ॲलर्जीचा असू शकतो आणि पुढच्या वेळी दसपट वाईट होतं.

आणि दुसरं, ५.३ एकटीच वापरली का? त्यात ५.० किंवा कुठली साधी बेस शेड मिसळली होती का?

प्रशांतभाऊ, टक्क्यांचा हिशोब तुमचा अगदी बरोबर. पण बाकीच्याला मी नाही म्हणेन, जरा वेळानं सविस्तर लिहिते.

मीनल_रामबाग
वर्षाताई खूप खूप धन्यवाद. फोड नाहीत, सूज पण नाही, धुतल्यावर तासाभरात जळजळ थांबली, दोन दिवस थोडी खाज होती ती पण गेली. ५.३ एकटीच होती, बेस वगैरे काही माहीतच नव्हतं, डब्यावरचा फोटो आवडला म्हणून घेतली.

वर्षा_पलासिया
हां, मग सगळं जुळलं. आता नीट वाच, एकाच डोक्यावर तीन वेगळ्या गोष्टी झाल्यात आणि तिन्हींचं कारण वेगळं आहे.

केशरी मुळं. तिथे ताईचा स्वतःचा काळा केस होता, कधी कलर न लागलेला, नवीन वाढलेला. ३० व्हॉल्यूमचं काम मुळात केसातला नैसर्गिक रंग वर उचलायचं, म्हणजे दोन-तीन पायऱ्या फिकट करायचं. आपल्याकडचा काळा केस उचलला की आतून आधी लाल, मग केशरी निघतो, हे त्याच्या जातीतच आहे. त्यात मुळाशी टाळूची ऊब असते म्हणून कलर तिथे सगळ्यात भराभर चालतो. आणि वर शेड .३, म्हणजे सोनेरी. केशरीवर सोनेरी, आणखी काय होणार.

कानशिलं. पांढऱ्या केसात उचलायला काही उरलेलंच नसतं. तिथे ३० ला कामच नाही. तिथे हवा असतो भरपूर रंग, त्याला आत शिरायला पुरेसा वेळ, आणि २० व्हॉल्यूम. म्हणून दुकानदाराचं ते वाक्य मी आयुष्यभर ऐकत आलेय आणि ते उलटं आहे, पांढरे झाकायला ६ टक्के, म्हणजे २०. ३० हे काळे केस फिकट करायला. तुम्ही काय केलंत, डेव्हलपर दुप्पट करून रंग पातळ केला, त्यात बेस नाही, आणि २५ मिनिटांत धुतला. सोनेरी शेड एकटी पांढऱ्या केसावर काचेसारखी पारदर्शक बसते, म्हणून पिवळसर.

लांबी. तिथे वर्षानुवर्षांचा डार्क ब्राऊन कलर आहे. लावलेल्या कलरवर दुसरा कलर लावून फिकट होत नाही, व्हॉल्यूम कितीही घे. नुसतं पेरॉक्साइड पोचतं आणि टोकं कोरडी होतात. लांबी फिकट करायची असेल तर ब्लीच किंवा कलर काढायचं वेगळं काम आहे, ते घरी करू नका, त्यातही लग्नाच्या तोंडावर तर नाहीच.

प्रशांत_विजयनगर
वर्षाताई एक शंका. डेव्हलपर जास्त घातलं की मिश्रण कमजोर होतं म्हणता, पण हिशोबानं तर पेरॉक्साइड वाढतं ना? ६ टक्क्याचं एकास एक केलं तर वाटीत ३ टक्के, एकास दीड केलं तर ३.६, एकास दोन केलं तर ४. म्हणजे जोर वाढला. मीनलताईंनी ९ टक्क्याचं एकास दोन केलंय म्हणजे वाटीत ६ टक्के.

वर्षा_पलासिया
भाऊ हिशोब बरोबर आहे आणि तुम्ही हा लिहिलात हे फार बरं केलंत, कारण ह्यातच सगळं आलं. आता ह्याच वाटीत ट्यूब किती आहे तो पण हिशोब करा. एकास एक मध्ये अर्धी वाटी ट्यूबची, एकास दोन मध्ये फक्त तिसरा हिस्सा. रंग ट्यूबमध्ये असतो, आणि केस उघडणारा अमोनिया किंवा त्याच्या जागी जे असेल ते सुद्धा ट्यूबमध्येच. म्हणजे मीनलच्या वाटीत टाळूला जाळणारं पेरॉक्साइड जवळपास पावणेदोन पट, २० चं एकास दीड केलं असतं तर ३.६ असतं ते ६ झालं, आणि त्याच वेळी झाकणारा रंग कमी. दोन्हीकडून नुकसान. ह्याच्या उलट डेव्हलपर कमी घातलं तर रंग पूर्ण उमलत नाही, लेप घट्ट होतो, नीट पसरत नाही आणि डाग डाग येतात.

म्हणून कंपनीनं ट्यूबवर जे प्रमाण दिलंय तेच, आपल्या मनानं नाही. कोणाची एकास एक असते, कोणाची एकास दीड, फिकट करायच्या खास शेड एकास दोन असतात, ते त्या ट्यूबचं गणित आहे. एका ट्यूबवर वाचलं आणि दुसऱ्या ट्यूबला लावलं असं करू नका. मिश्रण कमी पडतंय वाटलं तर डेव्हलपर वाढवायचं नाही, दुसरी ट्यूब फोडायची. आणि चमच्यानं नाही, स्वयंपाकघरातला डिजिटल काटा असतो ना त्यावर वजनानं घ्यायचं. ट्यूबची क्रीम घट्ट आणि डेव्हलपर पातळ, दोन्हीचा चमचा सारखा भरत नाही. वाटी प्लास्टिकची किंवा काचेची, स्टीलची नको.

राजू_लष्कर
ग्वाल्हेरहून नमस्कार. मला एक समजत नाही, एवढं डेव्हलपर वेगळं घेण्याची गरजच काय, आमच्या पाकिटात तर सगळं तयार असतं, पावडर असते ती पाण्यात कालवायची नाहीतर दोन पुड्या एकत्र करायच्या की झालं. मी मिशीला आणि केसांना दोन्हीला तेच लावतो. माझा प्रश्न असा की अर्धं पाकीट कालवून उरलेलं बाटलीत भरून ठेवलं तर पुढच्या आठवड्यात चालतं का? मिशीला थोडंसंच लागतं, उगाच वाया जातं.

वर्षा_पलासिया
राजूभाऊ, कालवलेलं ठेवायचं नाही, अजिबात. कालवल्या क्षणापासून रंग तयार व्हायला लागतो, थोड्या वेळानं वाटीतच काळपट पडतो ना, तो तिथे संपला, केसात शिरायला उरला नाही. आणि झाकण घट्ट लावलंत तर आत वायू साठून बाटली फुगते, फुटू पण शकते. न कालवलेली क्रीम वेगळी आणि डेव्हलपर वेगळं, दोन्हीची झाकणं लगेच बंद करून ठेवलीत तर चालतं, मग मिशीपुरतं दोन्हीतून त्याच प्रमाणात काढा. पाकिटात एकच ठरलेला जोर असतो, साधा काळा करायचा असेल तर तो पुरतो. मीनलचा प्रश्न पाकिटाच्या बाहेरचा आहे कारण तिला कुठे उचललेला केस झाकायचाय आणि कुठे पांढरा.

मिशीच्या इथली कातडी नाजूक असते, कलरच्या ४८ तास आधी कानामागे थोडंसं लावून बघत जा. दर वेळी. "मी तर कायम लावतो" म्हणणाऱ्यांनाच अचानक येतं.

स्वाती_दांडियाबाजार
वर्षाताई माझं राहिलं. काळी मेंदीवर कलर?

वर्षा_पलासिया
हो हो. स्वाती, एका तासात काळेभोर करणारी ती नुसती मेंदी नसते. मेंदीची पानं काळा रंग देतच नाहीत, केशरी-लाल देतात. बहुतेक काळ्या मेंदीत कलरमधलाच पीपीडी असतो, म्हणजे तू केमिकल लावतच आलीयस, फक्त डेव्हलपर वेगळं न घेता. पॅकेटची मागची बाजू बारीक अक्षरांची वाच. त्याशिवाय काही पावडरींमध्ये धातूचे क्षार असतात, त्यावर पेरॉक्साइड पडलं की केस गरम होतो, वास येतो, तुटतो. सगळ्याच काळ्या मेंदीत असतं असं मी म्हणणार नाही, पण पॅकेटवरून कळत नाही कधीकधी.

घरी बघायचा उपाय आहे. विंचरताना निघालेले किंवा मागून कापलेले थोडे केस घे, वाटीत कलर आणि २० चं डेव्हलपर नेहमीच्या प्रमाणात कालवून त्यात बुडव, अर्धा तास ठेव. वाटी बाहेरून कोमट लागली, फेस आला, घाण वास आला किंवा केस ओला असताना रबरासारखा ताणला जाऊन तुटला, तर डोक्यावर घालायचं नाही, ते केस वाढून कापले जाईपर्यंत वाट बघायची.

राजू_लष्कर
ताई मला मात्र पटत नाही, आमच्या घरी आई मेंदी लावायची, वरून कलर पण लावायची, वर्षानुवर्षं, कधी काही झालं नाही.

वर्षा_पलासिया
तुमच्या आईंची मेंदी साधी पानांची असेल, तर नसेल झालं. साध्या मेंदीवर कलर चढतो, फक्त तो नीट उचलला जात नाही आणि रंग कुठे कमी कुठे जास्त येतो. कुठल्या पुडीत काय होतं हे मी इथून कसं सांगणार, म्हणून बटेची टेस्ट सांगितली.

नीता_जी_एस
मीनल, माझं ऐकशील तर सरळ चांगल्या पार्लरमध्ये ने. घरी दुसऱ्यांदा केलंस आणि पुन्हा बिघडलं तर? राजवाड्याजवळ काय कमी आहेत.

मीनल_रामबाग
नीता, तुझं खरं आहे पण ताई पार्लरला जायलाच तयार नाही, म्हणते लोक बघतील केशरी डोकं. वर्षाताई घरी करण्यासारखं असेल तर सांगा, तुम्ही म्हणाल तसंच करेन, आधी एका बटेवर करून बघेन.

वर्षा_पलासिया
करण्यासारखं आहे. एक अट, आजपासून निदान दहा दिवस टाळूला आराम. तोवर तेल, साधा शांपू, कंडिशनर, आणि गरम पाण्याने डोकं धुवायचं नाही.

आता लाइट ब्राऊनचा विचार सोडा. लांबी डार्क आहे, ती उचलायची नाहीये, तर मुळं लांबीच्या जवळ आणायची. शेड ४.०, मीडियम ब्राऊन, शून्यवाली म्हणजे साधी बेस, तिचंच झाकणं चांगलं असतं. ह्याशिवाय एक छोटी ट्यूब ४.१, ती राखाडी झाक असलेली, केशरी मारायला. दोन डेव्हलपर: २० आणि १०. वाट्या दोन.

पहिली वाटी कानशिलांची आणि भांगाजवळच्या पांढऱ्यांची. त्यात फक्त ४.०, काट्यावर २० ग्रॅम, आणि २० व्हॉल्यूम ३० ग्रॅम, तुझी ट्यूब एकास दीडची आहे म्हणून. ह्यात ४.१ घालायची नाही, पांढऱ्यावर राखाडी शेड मळकट, कधी हिरवट दिसते.

दुसरी वाटी केशरी मुळांची. त्यात ४.० आणि ४.१ मिळून २० ग्रॅम, साधारण दोन भाग ४.० आणि एक भाग ४.१, आणि १० व्हॉल्यूम ३० ग्रॅम. इथे १० का, कारण हा केस आधीच उचलून ठेवलाय, आता फक्त रंग भरायचाय, परत उचलला तर आणखी केशरी होईल. आणि तो आता सच्छिद्र झालाय, रंग पटकन पितो, म्हणून दुसरी वाटी आधी कालवायचीच नाही, पहिलं लावून झालं की मगच.

क्रम असा. केस कोरडे, एक दिवस आधी धुतलेले, तेल नाही. कपाळावर आणि कानाच्या पाळीवर व्हॅसलिन. आधी कानशिलं. ब्रशच्या रुंदीपेक्षा जाड बट घ्यायची नाही, मागचा केस दिसेल इतकी पातळ बट उचलायची आणि मुळाशी दोन्ही बाजूंनी भरपूर लावायचं. घरच्या कलरमध्ये डाग डाग येतात ते बहुतेक ह्याच्यामुळे, लोक जाड बटेवर वरवर फिरवतात आणि आतला केस कोरडाच राहतो. पांढऱ्याला पूर्ण वेळ, ट्यूबवर लिहिलेला, साधारण ३५ मिनिटं. मग दुसरी वाटी केशरी भागावर, आणि तिथे दर पाच मिनिटांनी ओल्या कापसानं एक बट पुसून बघायचं. लांबीसारखा रंग आला की तेवढा भाग थांबवायचा, घड्याळाची वाट बघायची नाही. लांबीला अजिबात लावू नकोस.

आणि कूलरसमोर बसवू नकोस ताईला. इंदूरच्या उन्हाळ्यात कूलरच्या वाऱ्यात लेप दहा मिनिटांत सुकतो, आणि सुकलेला लेप काम करत नाही, डोक्यावर नुसता बसतो. खोली बंद करून पंखा हळू. प्लास्टिकची टोपी पण नको, टाळूची ऊब कोंडते आणि मुळं पुन्हा पुढे पळतात.

प्रशांत_विजयनगर
ताई दोन डेव्हलपर कशाला घ्यायची, २० मध्ये तेवढ्याच वजनाचं डिस्टिल्ड वॉटर मिसळलं की १० झालं ना? ६ टक्के आणि पाणी समसमान, ३ टक्के. आणि त्यांच्याकडे ते उरलेलं ३० असेलच, त्यात दोन भाग डेव्हलपर एक भाग पाणी केलं तर २० सुद्धा मिळेल. पैसे वाचतील.

वर्षा_पलासिया
गणित चुकत नाही भाऊ. पण डेव्हलपर नुसतं पेरॉक्साइड नसतं, त्यात क्रीम असते, पाणी घातलं की ती पातळ होते आणि मिश्रण कानावरून, मानेवरून ओघळतं. कानशिलाला ओघळलं तर जिथे नको तिथे लागतं. शिवाय ते ३० कधीचं उघडलंय, आता त्यात खरंच ९ टक्के आहेत का कोण जाणे, उन्हात किंवा सैल झाकणानं त्याचा जोर उतरतो. माझ्या हातात २० वर्षं जुनी सवय आहे तरी मी छोटी बाटलीच घेईन.

प्रशांत_विजयनगर
ओघळण्याचं मान्य. पण डिस्टिल्ड वॉटर थोडंच आणि ताजं डेव्हलपर असेल तर मला अजूनही चालेल असं वाटतं. माझी बायको असंच करते आणि तिचं चांगलं येतं.

कल्पना_देवास
आमच्याकडे पण पाणी घालून करतात, पण फक्त लांबी ताजी करायला, पांढऱ्या मुळांना कधीच नाही. मुळांना घातलं तर आठ दिवसांत पांढरे पुन्हा दिसायला लागतात असा माझा अनुभव. वर्षाताई, लांबीला शेवटची पाच मिनिटं थोडं पाणी लावून चोळून पसरवतात ना सगळे पार्लरवाले, ते का नको म्हणालात?

वर्षा_पलासिया
कल्पना, लांबी फिकी पडलेली असेल तर करायचं. मीनलच्या ताईची लांबी आधीच थरावर थर बसून काळपट झालीय. त्यावर प्रत्येक वेळी शेवटी पसरवत गेल्यानंच ती तशी झालीय, टोकं मुळांपेक्षा गडद आणि कडक. तिला पुढचे दोन-तीन वेळा फक्त मुळं, बोटभर वाढली की तेवढीच.

मीनल_रामबाग
अपडेट देते. आधी कानामागे ४८ तासांची टेस्ट केली, काही झालं नाही. मग कानामागचीच एक केशरी बट घेऊन दुसरी वाटी थोडीशी करून लावली, १५ मिनिटांतच लांबीच्या रंगाला आली, म्हणून कळलं की इथे ३५ मिनिटं ठेवलं असतं तर काळीच झाली असती. काल पूर्ण केलं. छोटी १० ची बाटली सियागंजाकडे मिळाली, काट्यावर मोजूनच घेतलं. पहिली वाटी लावताना लक्षात आलं की दोन्हीकडच्या कानशिलांना आणि भांगाला २० अधिक ३० ग्रॅम कसंबसं पुरतंय, पण डेव्हलपर वाढवलं नाही, परत १० आणि १५ ग्रॅम कालवून घेतलं.

जळजळ अजिबात झाली नाही. भांगाजवळचं केशरी गेलं, उन्हात बघितलं तर हलकी लालसर झाक आहे पण ब्राऊन दिसतंय. कानशिलं झाकली गेलीत, फक्त कपाळाच्या अगदी कडेची बारीक केसांची रेघ अजून जरा फिकट आहे. टोकं कोरडी आहेत ती आहेतच. ताई आज पहिल्यांदा भांग न झाकता बाजारात गेली. वर्षाताई तुमचे उपकार कसे फेडू.

वर्षा_पलासिया
अगं फेडायचं काय त्यात. खूप आनंद झाला. कपाळाच्या कडेचे केस बारीक आणि सगळ्यात हट्टी असतात, शिवाय तिथे व्हॅसलिन केसांवर चढलं असेल तर रंग पकडत नाही, पुढच्या वेळी व्हॅसलिन कातडीवरच ठेव, केसापासून दोन मिलिमीटर लांब, आणि त्या रेघेपासूनच सुरुवात कर म्हणजे तिला सगळ्यात जास्त वेळ मिळेल. आत्ता लग्नाआधी परत लावू नकोस, तेवढ्यासाठी ब्राऊन टचअप पावडर किंवा काजळाची कांडी पुरे. टोकं अर्धा-पाऊण इंच कापून टाक, कोरडा झालेला केस कंडिशनरनं मऊ लागतो, दुरुस्त होत नाही.

स्वाती_दांडियाबाजार
वर्षाताई मी बटेची टेस्ट केली. वाटी कोमट झाली नाही, फेस नाही, पण बट ओली असताना जरा ताणली जातेय, तुटली नाही. ह्याला काय समजायचं?

वर्षा_पलासिया
स्वाती, ओला केस थोडा ताणला जातोच. सोडल्यावर परत आखडला का, की लांबच राहिला? लांब राहिला तर थांब. आणि न लावलेली एक बट नुसत्या पाण्यात अर्धा तास ठेवून तिच्याशी ताडून बघ, मग लिही.